सर्पमित्र येईपर्यंतची चाळीस मिनिटे

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंश हा 'अधिसूचित आजार' करावा, असे सांगितले. म्हणजे प्रत्येक सर्पदंशाची आणि त्याने झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद सरकारी तसेच खासगी रुग्णालयांनी सरकारला कळवायची. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सर्पदंश नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे उद्दिष्ट ठरले. हे आवश्यकच होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला; म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. बहुतेक जण ग्रामीण भागातले, आणि दवाखान्यात पोहोचण्याआधी घरीच गेलेले.

या आकड्यांवर चर्चा झाली की ती बहुधा प्रतिविषाच्या, म्हणजे लोक ज्याला 'सापाची लस' म्हणतात तिच्या साठ्यावर येऊन थांबते. साठा हवाच. पण सरकारी रुग्णालयात पावसाळ्यामागून पावसाळे काढल्यावर मला त्याच्या अलीकडचा एक टप्पा जास्त महत्त्वाचा वाटू लागला आहे. साप घरात दिसला, सर्पमित्राला फोन झाला, तो निघाला आहे. आता तो येईपर्यंत घरातल्यांनी काय करायचे? हा वेळ शहरात वीस मिनिटांचा असेल, वाडीवस्तीवर तासाभराचा. याच वेळात चावा बसतो, किंवा याच वेळात झालेल्या गोंधळामुळे तो पहाटे बसतो. हे नीट समजण्यासाठी मुळात साप घरात कशासाठी येतो, ते आधी पाहावे लागेल.

साप माणसासाठी येत नाही. आपण त्याला खाऊ शकत नाही इतके मोठे आणि टाळावे इतके धोकादायक वाटतो. तो येतो खाण्याच्या मागावर, नाही तर कोरड्या जागेच्या शोधात. त्याची जीभ सतत आत-बाहेर होते, ती वास गोळा करण्यासाठी. हवेतले आणि जमिनीवरचे गंधाचे कण जिभेने उचलून टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे न्यायचे, ही त्याची वास घेण्याची रीत. उंदीर रोज ज्या वाटेने भिंतीच्या कडेकडेने पळतो, त्या वाटेवर त्याच्या मूत्राचा वास राहतो. आपल्याला तिथे काही दिसत नाही, सापाला तिथे रस्ता असतो. म्हणून नाग किंवा धामण पाहुण्यासारखी पुढच्या दाराने येण्याऐवजी मोरीच्या पाइपातून, चुलीमागच्या भगदाडातून, धान्याच्या पोत्यांच्या मागून निघते. ती उंदराच्या वाटेने आलेली असते. उंदराच्या बिळातच तिचे घर असते, कारण बहुतेक साप स्वतः बीळ खणू शकत नाहीत.

उंदीर कुठून येतो, हे सांगायला नको. पोत्यातले धान्य, कोंबड्यांसाठी टाकलेला दाणा, रात्री कुत्र्यासाठी अंगणात ठेवलेली भाकरी, मागल्या दारी टाकलेले उष्टे. जूनमध्ये शेतातली बिळे पाण्याने भरली की उंदीर बांध सोडून उंच आणि कोरड्या जागेकडे येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ साप येतात. भाताची कापणी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरी लाट येते. तेव्हा धान्य घरी येते आणि उंदीरही. याच सुमारास सापांची पिल्लेही फिरू लागलेली असतात. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पुढे अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले करंगळीएवढी बारीक असतात. दाराखालच्या बोटभर फटीतून सहज आत येतात. पिल्लू म्हणून त्याचे विष कमी गंभीर धरायचे नाही.

उंदरांची साखळी बहुतेकांना माहीत असते. दुसरी साखळी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या दृष्टीने ती जास्त घातक आहे. ती दारावरच्या दिव्यापासून सुरू होते. पावसाळ्याच्या रात्री पडवीतल्या ट्यूबलाइटभोवती किडे जमतात. किड्यांसाठी पाली येतात. पालींसाठी कवड्या साप येतो. हा हात-दीड हात लांबीचा, तपकिरी अंगावर पांढरट पट्टे असलेला बिनविषारी साप उत्तम भिंत चढतो आणि पालींवरच जगतो. आणि कवड्याच्या मागावर येते मण्यार, कारण मण्यारीचे आवडते खाणे म्हणजे इतर साप. पाली, बेडूक, उंदरांची पिल्लेही तिला चालतात. ज्या घरात धान्याचा दाणा सांडलेला नाही, उंदीर नाही, केरकचरा नाही, तिथेही मण्यार निघते. घरची बाई म्हणते, 'आमचं घर तर एवढं स्वच्छ!' ते खरेच असते. दारावरचा दिवा मात्र रात्रभर चालू असतो आणि भिंतीशी लाकूडफाटा रचलेला असतो.

मण्यारीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण घरात, रात्री, झोपेत चावणारा साप म्हटले की डॉक्टरच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तीच येते. काळीनिळी चकचकीत, साधारण तीन फुटांची, अंगावर बारीक पांढऱ्या आडव्या रेषा. तिचा वावर रात्रीचा. दिवसा किंवा उजेडात ती अंगाचे वेटोळे करून डोके त्याखाली लपवते आणि इतकी मंद दिसते की लोक तिला निरुपद्रवी समजून बसतात. तिचे दात बारीक असतात. चाव्याच्या जागी ना सूज, ना रक्त, ना धड वेदना. डास किंवा मुंगी चावली असावी असे वाटून झोपलेला माणूस कूस बदलतो. विष मात्र नसांच्या टोकांवर काम करत राहते आणि दोन-चार तासांनी एकेक स्नायू बंद पडू लागतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली एक केस इथे तपशिलाने सांगतो. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून गावाचे नाव देत नाही. भातखाचराच्या कडेला कौलारू घर, पुढे पडवी, पडवीत ट्यूबलाइट, एका भिंतीशी पावसाळ्यासाठी साठवलेला लाकूडफाटा. रात्री साडेनऊला शेजारच्या काकी ताट परत द्यायला आल्या तेव्हा त्यांना लाकडांपाशी पट्ट्यांचा साप दिसला. त्यांच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढला आणि सर्पमित्राला फोन केला. तो दुसऱ्या गावात होता; चाळीस मिनिटांत पोहोचतो म्हणाला.

या चाळीस मिनिटांत पडवीत पंधरा-वीस माणसे जमली. प्रत्येकाच्या हातात मोबाइलची बॅटरी. कुणी केरसुणीच्या दांड्याने लाकडे हलवून पाहिली, कुणी रॉकेल आणून शिंपडले. साप हलला आणि लाकडांच्या आत गेला. नंतर तो कुणालाच दिसला नाही, पण 'तिथेच आहे' असे सगळे म्हणत राहिले. सर्पमित्र दहा वाजून दहा मिनिटांनी आला. त्याने लाकडे एकेक करून बाजूला केली आणि वीस मिनिटांत साप पकडला. तो कवड्या होता. त्याने सगळ्यांना दाखवले, 'हा बिनविषारी आहे, पाली खातो, घाबरू नका.' लोक हसले, पांगले. घरची माणसे नेहमीप्रमाणे जमिनीवर अंथरूण घालून झोपली.

पहाटे चारला घरातला चौदा वर्षांचा मुलगा उठून म्हणाला, 'आई, पोटात खूप दुखतंय.' त्याला ओव्याचे पाणी दिले. एकदा उलटी झाली. मग घसा दुखतो, गिळता येत नाही म्हणू लागला. साडेपाचला त्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या; आईला वाटले, रात्रभर जागल्यामुळे झोप अनावर झाली आहे. त्याला एका आईच्या दोन आया दिसू लागल्या तेव्हा त्याचे वडील हादरले. सव्वासहाला तो ग्रामीण रुग्णालयात पोहोचला. तिथल्या तरुण डॉक्टरने चाव्याची खूण शोधण्यात वेळ घालवला नाही. पावसाळा, जमिनीवर झोप, पहाटेची पोटदुखी, मिटणाऱ्या पापण्या, एवढे त्याला पुरे होते. कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून पाहतात ती चाचणी केली. रक्त गोठले, म्हणजे घोणस किंवा फुरशाचा प्रकार नव्हे. मुलाला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. तो आठावर थांबला. प्रतिविषाच्या दहा कुप्या सुरू झाल्या आणि श्वास आणखी कमी पडू लागताच घशात नळी घालून, हाताने फुगा दाबत त्याला १०८ रुग्णवाहिकेतून आमच्याकडे आणले. पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. नवव्या दिवशी चालत घरी गेला.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी मला तो फोटो दाखवला, शेजारच्या मुलाने साडेनऊला काढलेला. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट असते : डोक्याजवळ पट्टे नसतात किंवा फिके असतात आणि शेपटीकडे ते स्पष्ट होत जातात. फोटोतल्या सापाची मान काळी कुळकुळीत होती आणि शेपटीकडे जोडीजोडीने पांढऱ्या रेषा. ती मण्यार होती. लाकडात साप दोन होते. एक दुसऱ्याच्या मागावर आलेला. सर्पमित्राला कुणी फोटो दाखवलाच नाही, आणि त्यानेही विचारला नाही. सापडला तो साप, दिसलेलाच साप, असे सगळ्यांनी धरून चालले.

फोटो पाहून ही ओळख मी इथे सांगितली, ती सर्पमित्राला किंवा डॉक्टरला उपयोगी पडावी म्हणून. घरातल्या माणसाने त्यावरून निर्णय घ्यायचा नाही. रात्री, बॅटरीच्या उजेडात, अर्धा लपलेला साप ओळखण्यात जाणकारही फसतात. सर्पमित्राच्या हातात येईपर्यंत प्रत्येक साप विषारी, एवढेच धरावे.

तर वाट पाहताना करायचे काय? सगळ्यात मोलाचे काम एकच आहे, ते म्हणजे सापावरची नजर न हटवणे. आणि नेमके तेच कुणी करत नाही, कारण ते निष्क्रिय वाटते. एक समंजस मोठा माणूस दहा फुटांवर उभा राहील आणि साप कुठे आहे, कुठे सरकला, एवढेच पाहील. दहा फूट का? साप एका झेपेत आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुढे येतो. पाच फुटी नाग असला तरी तो अडीच फुटांच्या पलीकडे एकदम पोहोचत नाही. उरलेले अंतर हे तो आपल्या दिशेने सरकला तर मागे व्हायला हवे म्हणून. पायात चपलेऐवजी बूट असतील तर बरे. हातात काठी नसलेली बरी. काठी असली की ती वापरण्याचा मोह होतो. खोलीतला दिवा चालू ठेवायचा. एक फोटो त्याच अंतरावरून, मोबाइलमध्येच मोठा करून काढायचा, आणि तो सर्पमित्राला लगेच पाठवायचा. चांगला फोटो मिळावा म्हणून एक पाऊलही पुढे टाकायचे नाही.

बाकीच्यांनी त्या जागेतून निघायचे. मुले, म्हातारी माणसे, कुत्रा, मांजर आधी. मांजर सापाला डिवचते आणि कुत्रा भुंकत त्याला कोपऱ्यात दाबतो. दोन्हींनी साप पळतो किंवा लपतो. गर्दीने होणारा तोटा वेगळाच आहे. साप जमिनीतून येणारी कंपने पोटाशी जाणवून घेतो. वीस पायांची धावपळ त्याला सगळ्या बाजूंनी संकट आल्यासारखी वाटते आणि तो जवळात जवळच्या फटीत शिरतो. दोन माणसे शांत उभी असतील तर तो अनेकदा अर्धा अर्धा तास एकाच जागी पडून राहतो.

दार उघडे ठेवायचे की बंद करायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर साप कुठे आहे यावर आहे. तो बाहेरच्या दाराजवळ असेल, त्याच्या आणि अंगणाच्या मध्ये कुणी नसेल, तर दार सताड उघडे ठेवून मागे व्हावे. बऱ्याचदा तो आपणहून जातो, आणि तो गेलेला कुणी तरी प्रत्यक्ष पाहिला असेल तर गोष्ट तिथेच संपते. तो आतल्या खोलीत, न्हाणीघरात किंवा कोठीत असेल तर ती खोली बंद करावी आणि दाराखालच्या फटीत ओले टॉवेल किंवा गोधडी बाहेरच्या बाजूने घट्ट कोंबावी. तेही साप दारापासून लांब असेल तेव्हाच. मग खिडकीतून नजर ठेवावी. मात्र कौलारू घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे खोली बंद केली तरी साप बंद झाला असे समजू नये. कवड्या, मांजऱ्या, धामण हे वासे-आढ्यावर सहज चढतात, नागही चढू शकतो.

रॉकेल, फिनेल, गरम पाणी, मीठ, धूर, यातले काहीही करू नये. या सगळ्यांनी साप मरत नाही, चवताळून जागा बदलतो. आणि मघाशी सांगितलेली नजर तिथेच तुटते. बादली पालथी घालून कोंडण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यासाठी सापाच्या हातभर जवळ जावे लागते, म्हणून मी तो सल्ला देणार नाही. मारण्याचा प्रयत्न हा तर चावा बसण्याचा सगळ्यात हमखास मार्ग. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. डोके ठेचलेला साप 'मेला' म्हणून शेपटीने उचलायचीही घाई नको. मेल्यानंतरही काही वेळ त्याचा जबडा प्रतिक्षिप्त क्रियेने मिटू शकतो आणि त्यात विष असते.

फोनवर सर्पमित्राला काय सांगायचे, हेही ठरवून ठेवावे. गावाचे नाव, ओळखीची खूण, साप शेवटचा कुठे आणि किती वाजता दिसला, आता तो नजरेत आहे की नाही, आणि कुणाला चावला आहे का. एक जण रस्त्याच्या फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहिला तर वाडीवस्तीत दहा मिनिटे सहज वाचतात. ओळखीचा सर्पमित्र नसेल तर वन विभागाचा '१९२६' हा क्रमांक चोवीस तास चालतो. चावा बसलेला असेल तर मात्र पहिला फोन १०८ ला. सर्पमित्राची आणि सापाची वाट पाहत रुग्णाला घरी ठेवणे म्हणजे उपचाराचा वेळ घालवणे. साप कोणता होता हे कळले नाही म्हणून आमचे उपचार अडत नाहीत. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते.

आता नजर तुटलीच तर? साप होता, आता दिसत नाही. अशा वेळी माणसाचे मन लगेच 'गेला असेल' म्हणते. साप बाहेर जाताना कुणी पाहिला नसेल तर तो आतच आहे असे धरावे. सर्पमित्र आल्यावर त्याला आधी दिसलेला साप आणि त्याची जागा सांगावी, फोटो दाखवावा, आणि एक सापडला तरी फोटोतला तोच का, हे विचारावे. उबदार आणि अंधाऱ्या जागा आधी पाहाव्या लागतात : फ्रिजच्या मागे, कपडे धुण्याच्या यंत्राखाली, गॅसच्या सिलिंडरमागे, गुंडाळलेल्या चटया, बुटांच्या आत. हात घालून नाही, लांब काठीने वस्तू ओढून. शोधूनही सापडला नाही तर ती रात्र जमिनीवर झोपू नये. खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. हा उपाय फार साधा वाटतो, पण नेपाळच्या तराई भागातल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना रात्रीचे सर्पदंश स्पष्टपणे कमी झालेले आढळले. नुसती खाट पुरत नाही. खाली लोंबणाऱ्या चादरीवरून साप चढतो. मच्छरदाणी लावण्याआधी अंथरूण झटकून घ्यावे, नाही तर पाहुणा आत आणि आपणही आत. उंबरठ्यावर आणि मोरीच्या तोंडाशी पिठाचा किंवा रांगोळीचा पातळ थर पसरून ठेवला तर सकाळी सापाची नागमोडी वाट उमटलेली दिसते. ती बाहेर गेली की आत आली, हे पुष्कळदा कळते. थर जसाच्या तसा राहिला तर शोध पुन्हा सुरू करायचा.

अशा रात्रीनंतर पहाटे घरातल्या कुणाचे पोट दुखले, उलटी झाली, गिळता येईना, पापण्या जड झाल्या किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर चाव्याची खूण शोधत बसू नये. खूण न सापडणे ही मण्यारीची नेहमीचीच गोष्ट आहे. बांगड्या, अंगठ्या, करदोटा काढावा. चावल्याची जागा माहीत असेल तर तो हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवावा. दोरी आवळून बांधणे, चिरणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे यातले काही करू नये. उलटी होत असेल तर रुग्णाला कुशीवर झोपवावे. त्याला चालवू नये. रुग्णवाहिका येऊ शकत नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, मागच्याने घट्ट धरून आणावे. आणि शक्य असेल तर फोन करून विचारावे की त्या रुग्णालयात प्रतिविष आहे का आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे का. मण्यारीच्या विषाने नसांची टोके एकदा खराब झाली की प्रतिविष ती दुरुस्त करत नाही. ते फक्त रक्तात फिरणारे विष निकामी करते. म्हणून प्रतिविष लवकर मिळायला हवे. उशीर झाला तरीही श्वास चालू ठेवता आला तर नसा काही दिवसांत पुन्हा सावरतात. तो मुलगा वाचला तो श्वास वेळेत हाती घेतल्यामुळे.

सर्पमित्रांबद्दलही बोलायला हवे. २०२५ मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचा विचार जाहीर केला. ही मागणी जुनी आणि रास्त आहे. मध्यरात्री स्वतःच्या पेट्रोलवर धावणारी ही मुले आहेत आणि त्यांच्यातले काही साप पकडताना दगावलेही आहेत. पण ओळखपत्र देताना प्रशिक्षणाची अट हवी. केरळात वन विभागाने साप पकडण्याचे काम प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या लोकांपुरते ठेवले आहे आणि जवळचा माणूस शोधायला 'सर्प' नावाचे मोबाइल ॲप दिले आहे. आपल्याकडे निम्मे शिक्षण अजून व्हिडिओ पाहून होते. घरमालकालाही चांगला सर्पमित्र ओळखता येतो. तो आकडी आणि पाइप जोडलेली पिशवी घेऊन येतो आणि सापाला अंधाऱ्या पाइपातून आपणहून पिशवीत जाऊ देतो. तो मान पकडून फोटोसाठी उभा राहत नाही, मुलांना हात लावायला देत नाही, 'आणखी एक असेल का' म्हणून परत शोधतो, आणि पकडलेल्या सापाची खबर वन विभागाला देतो. जो गळ्यात साप घालतो त्याला पुढच्या वेळी बोलावू नये.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, साप गेल्यावर, तो का आला होता तेही पाहावे. औषधांवर पैसे घालवू नयेत : कार्बोलिक ॲसिड, गंधकाची पूड, लसूण, सर्पगंधेचे रोप, यांनी साप अडत नाही. कार्बोलिक ॲसिडने मुलांची कातडी मात्र भाजते. लाकूडफाटा भिंतीपासून चार-पाच फुटांवर, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर न्यावा. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी. जाळीची छिद्रे पाव इंचाहून मोठी नकोत, कारण उंदराचे पिल्लूही त्याहून मोठ्या फटीतून शिरते. दाराखाली रबराची पट्टी ठोकावी. कुत्र्याची भाकरी रात्री उचलावी. आणि पडवीतला दिवा दारावरून काढून दहा-पंधरा फुटांवर अंगणातल्या खांबावर लावावा, त्याचा उजेड दाराकडे पडेल असा. किडे खांबाशी जमतात, पाली तिकडे जातात. त्या मुलाच्या वडिलांनी केलेला खर्च वायरचाच होता, एकशे चाळीस रुपये.